यादीतलं पावणं

मी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ऑफिसात तू नेमकं करतोस काय, असं आईनं विचारलं तर मला धड सांगता येत नाही. मग अनोळखी वाचकाला काय सांगणार? तरी त्या दिवसांबद्दल कुणाशी तरी बोलावं असं वाटत राहिलं, म्हणून हे धाडस. चुकलं तर सांभाळून घ्या.

शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप मला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लहान कंपनीत मिळाली होती. खाली क्लास, वर आमचं ऑफिस. दवाखान्यांसाठी नंबर लावायचं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. रिसेप्शनला बसलेली बाई यादीतून नाव पुकारते, पेशंट आत गेला की नावापुढचं बटण दाबते, आणि 'वाट पाहत आहे'चं 'आत गेले' होतं. एवढंच. इंटर्नशिप संपल्यावर मला ठेवून घ्यायचं की नाही, ते साहेब ठरवणार होते. राधानगरीकडे आमच्या गावात दुसरी नोकरी कुठली? मला राहायचं होतं.

माझं काम प्लेराइट नावाच्या साधनात टेस्ट लिहायचं, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून आमचं सॉफ्टवेअर तपासणारा कोड. मला शिकवायला एक ताई होती. कोल्हापूरच्या पुष्कळ मुलींसारखी तीही 'मी करतो, मी जातो' असंच बोलायची. सुरुवातीला मी पेशंट घालायलासुद्धा पानावरचा फॉर्म भरायचो. टेस्ट रखडायची, मध्येच अडकायची.

"कशाला पुढच्या दारानं आणतोयस त्याला?" ताई म्हणाली. "तुला यादी तपासायचीय का फॉर्म? रिक्वेस्ट हाय की. सरळ बॅकएंडला पाठव, पेशंट तयार कर, मग पान उघड."

मग मी तसं करू लागलो. रिक्वेस्ट कॉन्टेक्स्टमधून, म्हणजे पान न उघडता कोडमधूनच, पेशंट तयार करायची विनंती सर्व्हरला पाठवायची, उत्तर ठीक आलं का बघायचं, उत्तरातला आयडी जपून ठेवायचा. मग ब्राउझरमध्ये यादीचं पान उघडून ते नाव 'वाट पाहत आहे' असं दिसतं का तपासायचं. शेवटी त्याच आयडीनं तो पेशंट पुसून टाकायचा. येणार, दिसणार आणि जाणार, म्हणून ताई असल्या खोट्या पेशंटला पावणं, म्हणजे पाहुणा, म्हणायची. मीही टेस्टमध्ये नाव तेच दिलं: पावणं.

"पावण्याला च्या पाजलास का रं?" रोज कुणीतरी विचारायचं.

टेस्ट एका दमात चालवली की हिरवी, म्हणजे पास, व्हायची. पण मला शिकायचं होतं, म्हणून पान उघडायच्या आधी मी ती थांबवून ठेवायचो आणि ओळ न् ओळ वाचायचो. एका दुपारी तशी थांबवून मी डबा खाल्ला. परत येऊन पुढे चालवली, तर टेस्ट लाल. यादीत पावणं होतं, पण त्याच्यापुढं लिहिलेलं: आत गेले.

बटण मी दाबलं नव्हतं. माझ्या कोडमध्ये बटण दाबायची ओळच नव्हती.

पुन्हा एका दमात चालवली. हिरवी. दोन दिवसांनी पुन्हा थांबवली, पुन्हा 'आत गेले'. मध्ये एकदा थांबवूनही काहीच झालं नाही, तेव्हा तर जास्तच भीती वाटली. रोज होत असतं तर चूक म्हणता आली असती. हे म्हणजे मी बघत बसलो की कधीतरी, त्याच्या मनात येईल तेव्हा, ते पावणं उठून आत जात होतं. कुठे आत?

पान जुनं काहीतरी दाखवत असेल असं धरून मी ब्राउझर बाजूला ठेवला. पेशंट तयार केल्यावर रिक्वेस्टनंच त्याची माहिती परत मागवली: वाट पाहत आहे. थोडं थांबून तीच विनंती पुन्हा पाठवली: वाट पाहत आहे. पुन्हा. भर दुपार, पंखा फिरत होता, खालून क्लासच्या पोरांचा गलका येत होता. मी पुन्हा पाठवली.

आत गेले.

म्हणजे पान खोटं बोलत नव्हतं. डेटाबेसमध्येच ते लिहिलं गेलं होतं. मी जन्माला घातलेल्या, वय नाही, गाव नाही, आजार नाही अशा माणसाला कुणीतरी हाक मारली होती आणि तो गेला होता. मी ताईला बोलावलं.

तिनं हसण्यावारी नेलं नाही. "साहेबांनी ही टेस्ट बघितलीय," ती हळू म्हणाली. "आपोआप बदलतीया म्हणालास तर त्यांना वाटंल, पोराला जमंना झालंय. कारण काढ. न्हायतर मी तुझ्यासाठी काय बोलू त्यांच्याकडं?"

त्या रात्री झोप नीट लागली नाही. सकाळी आम्ही दोघांनी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. माझी तयार करायची विनंती होती. माझ्या माहिती मागवायच्या विनंत्या होत्या. आणि त्यांच्या मधोमध एक बदल करायची विनंती, जी आमच्या ऑफिसातून गेलीच नव्हती. ती रिसेप्शनच्या लॉगिननं आली होती.

ताईनं कपाळावर हात मारला. गडहिंग्लजच्या एका दवाखान्याला सरावासाठी आमच्या चाचणीच्या सर्व्हरची लिंक दिली होती. खरी लिंक द्यायची राहूनच गेली होती. ती मंडळी रोज तिथंच यादी चालवत होती आणि माझ्या टेस्टही तिथंच चालत असल्यानं माझं पावणं त्यांच्या पडद्यावर उमटत होतं. एका दमात चालवलं की कुणी बघायच्या आत पुसलं जायचं. मी थांबलो की राहायचं.

ताईनं तिथल्या रिसेप्शनच्या बाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"व्हय की, येतंय ते नाव," बाई म्हणाल्या. "मी हाक मारतो, पावणं! की एक म्हातारं उठतंय, आत जातंय. मग बटण दाबतो."

"कोण म्हातारं?"

"ते काय म्हाईत? खिडकीपाशी बसत्यात. नाव विचारलं की नुसतं हसत्यात. कोण उठलं न्हाई तर न्हाई दाबत मी."

ताई हसली. मलाही हसू आलं. आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणूनच तर हाक मारतात. कुणी ओ दिली तर नवल काय?

मग बाईंनी विचारलं, "पर एक सांगा. ते म्हातारं येऊन बसलं की जरा येळानं नाव येतंय. तुमच्या कंप्युटरला कसं कळतंय वो, ते आलंय म्हणून?"

ताईनं माझ्याकडं बघितलं. ज्या दिवशी ते म्हातारबाबा नसतील त्या दिवशी नाव येऊन गेलेलं बाईंच्या ध्यानात राहत नसेल, असं मी स्वतःला समजावलं. ते बरोबरही असेल. "बघून सांगतो," म्हणत ताईनं फोन ठेवला.

त्याच दिवशी दवाखान्याला खरी लिंक दिली. टेस्टसाठी वेगळा सर्व्हर केला. आता मी टेस्ट कितीही वेळ थांबवली तरी 'वाट पाहत आहे' बदलत नव्हतं. साहेबांना ताईनं सगळं सांगितलं. ठेवून घ्यायचं का ते नंतर कळवतो म्हणाले. इंटर्नशिप संपली, मी गावी आलो. म्हशींचं वैरणपाणी करताना खिशातल्या फोनकडं लक्ष असायचं. आई विचारायची, "आला का रं?" मी मानेनंच नाही म्हणायचो.

शेवटी ताईचा फोन आला. साहेबांनी मला ठेवून घेतलं होतं, कायम. सोमवारी हजर व्हायचं होतं, पण ऑफिसात नाही. गडहिंग्लजला, त्या दवाखान्यात बसून यादी लावून द्यायला.