वय बसतं का बघा

राहुरीच्या स्टँडमागे माझं ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, बाहेर बाकडं. सरकारी भरतीची जाहिरात निघाली की बाकडं भरतं, आणि येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, "वय बसतं का बघा." शिक्षणाचं नंतर. वय बसलं नाही तर बाकीच्या कागदांना अर्थ नसतो.

वय आजचं धरायचं नसतं. जाहिरातीत एक तारीख दिलेली असते, त्या तारखेला किती वर्षं, किती महिने, किती दिवस, ते मोजायचं. जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटवरची. मग प्रवर्ग बघायचा. आपल्या राज्यात लिपिकासारख्या पदांना खुल्या गटाला अडतीस, मागासवर्गीयांना त्रेचाळीस. मी स्वतः खुल्या गटातली. माझी अडतिशी दुकानातच उलटली, त्यामुळे हे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात.

ते बाबा पहिल्यांदा आले तेव्हा दुपार होती आणि बाकड्यावर कुणी नव्हतं. पांढरा शर्ट, निळ्या शाईचं पेन खिशाला, हातात प्लास्टिकची फाईल. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, असं त्यांनीच सांगितलं.

"पोराचा फॉर्म भरायचाय, ताई. आधी वय बसतं का बघा."

"तो नाही आला?"

"तो न्हाई येनार. मी समदं आनलंय."

आई-बाप कागद घेऊन येतात, त्यात नवल नाही. मी दहावीचं सर्टिफिकेट घेतलं. दिवसातून दिवस, महिन्यातून महिना, वर्षातून वर्ष. बेचाळीस वर्षं, अकरा महिने, वीस दिवस. जातीचा दाखला अनुसूचित जातीचा, धर्म बौद्ध, म्हणजे मर्यादा त्रेचाळीस आणि नॉन-क्रीमीलेअरची भानगड नाही.

"दहा दिवस राखून बसतंय बाबा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आनंदानं.

फोटो अपलोड केला. तिशी उलटलेला माणूस, दाट केस, कॉलरचं वरचं बटण लावलेलं. सही एका कोऱ्या कागदावर होती, एकाखाली एक चार वेळा केलेली, त्यातली एक मी कापून घेतली. ओटीपी त्यांच्याच फोनवर आला. त्यांच्याकडे ईमेल नव्हता म्हणून दुकानाचा दिला.

हॉल तिकीट आलं, ते घेऊन गेले. परीक्षेनंतर चार दिवसांनी नुसतेच आले आणि बाकड्यावर बसले.

"कसा गेला पेपर?" मी विचारलं.

"गेट बंद होईपत्तुर हुतो तिथं," ते म्हणाले. "समदी आत गेली. नगरला लई पोरं आल्ती." आणि उठून गेले.

त्यांचं हे बोलणं मला विचित्र वाटलं. पण त्या दिवशी बाकडं भरलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याच गावच्या शिक्षिका पॅनकार्डासाठी आल्या. हॉल तिकिटाची एक बिघडलेली प्रत टेबलावर पडली होती. त्यांनी ती उचलली आणि बराच वेळ हातात धरली.

"हे कुठून आलं तुमच्याकडे?"

"वडिलांनी फॉर्म भरला."

"अहो, याला जाऊन चार वर्षं झाली. कावीळ झाली होती. मी होते ना मातीला."

त्या गेल्यावर मी संगणकावर त्याचं खातं उघडलं. कोपऱ्यात फोटो, शेजारी हिरव्या अक्षरात 'पात्र'. खाली वय दाखवलेलं. चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं वय मी दिवसासकट मोजून भरलं होतं, आणि यंत्राला त्यात काहीच चुकीचं दिसलं नव्हतं. तेव्हापासून दुकानाच्या ईमेलवर त्याच्या नावानं पत्रं यायला लागली. 'प्रिय उमेदवार, आपल्यासाठी नवी जाहिरात.' मी ती पुसत नव्हते. का, ते मला सांगता येणार नाही. उलट जाहिरात आली की हात आपोआप मोजायला लागायचा. त्रेचाळीस आणि दोन महिने. त्रेचाळीस आणि पाच महिने. तो माझ्या दुकानात बसून वाढत होता.

बाबा दुसऱ्यांदा फॉर्मसाठी आले तेव्हा मी त्यांना रस्ता ओलांडतानाच पाहिलं. तीच फाईल.

"बघा, बसतं का."

मी मोजलं. "त्रेचाळीस वर्षं आठ महिने. नाही बसत."

त्यांनी फाईलमधून आणखी एक कागद काढला. प्रकल्पग्रस्ताचा दाखला. मुळा धरणात यांची दोन एकर जमीन गेलेली. घरटी एकालाच मिळणारा तो दाखला मुलाच्या नावानं होता.

"ह्याच्यावर पंचेचाळीस हाय न्हवं?"

होतं. सवलती एकमेकींत मिळवता येत नाहीत, पण प्रकल्पग्रस्ताला सरळ पंचेचाळीस असतात. वय बसत होतं.

"बाबा," मी म्हणाले, "फोटो अलीकडचा लागतो."

"ह्योच अलीकडचा हाय," ते म्हणाले.

आवाजात काही नव्हतं. पंखा फिरत होता, आणि पडद्यावरून तो कॉलरचं बटण लावलेला माणूस आम्हा दोघांकडे बघत होता. फॉर्मच्या शेवटी एक चौकोन असतो, वरील माहिती खरी आहे म्हणून खूण करायची. माझा हात माउसवरून उचलला गेला.

"बाबा, मला कळलंय. मी हा फॉर्म भरू शकत नाही."

ते रागावले नाहीत. "भरू नका. नुस्तं मोजून सांगत जावा. तुमी 'बसतं' म्हनलं की त्याची माय त्या दिशी जेवती. तिला वाटतं, अजून येळ हाय."

मला नको म्हणता आलं नाही. सव्वा वर्षभर ते येत राहिले, प्रत्येक जाहिरातीला. मी मोजायची, 'बसतं' म्हणायची, ते मान हलवून जायचे. इतर गिऱ्हाइकं असली तर मी हळू बोलायची. एकदा एका मुलानं विचारलं, "कोणाचं वय बघताय?" बाबांनी उत्तर दिलं, "घरातल्याचं." ती दुपार मला अजून नकोशी वाटते.

मग ती जाहिरात आली. त्यांच्या येण्याआधीच मी मोजून ठेवलं होतं, तीनदा. पंचेचाळीस वर्षं, एकोणीस दिवस. दुसरी कुठली सवलत लागते का तेही पाहिलं. माजी सैनिक नाही, खेळाडू नाही, दिव्यांग नाही.

"नाही बसत," मी म्हणाले. "आता कशातच नाही."

"परत मोजा."

मी त्यांच्यासमोर कागदावर मोजलं. त्यांनी आकड्यांवर बोट ठेवून बघितलं. मग खुर्ची ओढून बसले. खोटं सांगायला हवं होतं का, असं मला वाटून गेलं. त्यांनी फाईलमधून प्रकल्पग्रस्ताचा दाखला वर काढला.

"दाखला दुसऱ्याच्या नावावर हुतो का? त्याची पोरगी हाय. औंदा कॉलेजात गेली. अठरा पुरी झाली तिला."

"होतो. त्याची नोकरी लागलेली नव्हती ना? मग नगरला पुनर्वसनाच्या ऑफिसात अर्ज द्यायचा. पण..." मी अडखळले. "मृत्यूचा दाखला लागेल."

फाईलच्या तळाशी तो होताच. घडी न मोडलेला. इतकी वर्षं तो दहावीच्या सर्टिफिकेटाखाली पडून होता.

मी अर्ज टाइप करायला घेतला. मूळ दाखलाधारकाचं नाव, गाव, वय. सवयीनं पंचेचाळीस टाकलं.

बाबांनी पडद्याकडे बघितलं.

"अडतीस, ताई," ते म्हणाले. "अडतिसाचा हुता."

मी आकडा खोडला आणि अडतीस लिहिलं. प्रिंट निघाली. त्यांनी ती वाचली, सही केली, आणि सून-नातीला घेऊन सोमवारी नगरला जातो म्हणाले.

ते गेल्यावर मी ईमेल उघडून त्याच्या नावाची सगळी पत्रं पुसली. संध्याकाळपर्यंत आणखी एक आलं होतं.