पाचटाची गादी

ऐंशीच्या दशकात गंगाखेडजवळच्या एका गावात मी पाणीपुरवठ्याचा ओव्हरसियर होतो, आणि त्याच गावात माझी मावशी राहायची. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. टाकी रस्त्याच्या अलीकडे, मावशीची वस्ती पलीकडे. मधे रस्त्याखालून प्लास्टिकचा पाइप न्यायचा होता. साखर कारखाना सुरू झाला की त्या रस्त्यावर उसाचे ट्रक सुटणार, आणि गाळप संपेपर्यंत कुणी तिथे कुदळ मारू देणार नव्हतं. म्हणजे तोवर मावशीनं नदीवरूनच घागरी आणायच्या. तिचे गुडघे आधीच कामातून गेले होते.

कंबरभर खोल चर खणून झाला. तळाला पसरायला गोदावरीची वाळू येऊन पडली. मी जेवून परत येतो तर चरात उसाच्या पाचटाची जाडजूड गादी, तिच्यावर पाइप, आणि काठावर मावशी मजुरांना हुकूम सोडत उभी.

"मऊ निजू दे की त्याला," ती म्हणाली. "वरून येवढाले ट्रक जाणारेत."

माझं डोकंच फिरलं. पाचट कुजलं की खाली पोकळी होणार, पाइप बसणार. मी सगळं उपसायला लावलं. मावशी तोंड फिरवून बसली. तिचा रुसवा म्हणजे चहा बंद, हे मी लहानपणापासून ओळखून होतो.

शेवटी तिच्या नातीची प्लास्टिकची बांगडी मागून घेतली आणि तिच्यासमोर उभी धरून वरून दाबली. बांगडी चपटी झाली. मग मावशीला म्हटलं, आता तू दोन्ही बाजूंनी बोटं लावून धर. मी तेवढंच दाबलं, बांगडी हलली नाही. पाइपाचंही तसंच, बाजूची माती त्याला धरून ठेवते, म्हणून तीच घट्ट हवी.

मावशी उठली ती घरातलं मुसळ घेऊनच आली. वाळूवर पाइप सगळीकडून टेकवला. मग कुशीत ओलसर वाळू घालायची, दोन्हीकडे सारखी, थरथरानं, आणि मुसळाच्या टोकानं पाइपाच्या खाली खाली कोंबून ठोकायची, असं चाललं. पाइपाच्या डोक्यावर मात्र हातभर भर पडेपर्यंत माती चोपायचा जड धुमस लावू दिला नाही. त्यावर मुरूम, तोही थर देऊन चोपलेला. उपसलेली काळी माती परत घातलीच नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते.

आठवडाभर उसाचे ट्रक गेल्यावर आम्ही पाइपात आधीच ठेवलेल्या दोरीला लाकडी गोळा बांधला. पाइपाच्या पोटापेक्षा थोडासाच लहान. पाइप कुठे चपटला असता तर तो अडकला असता. पलीकडून दोरी मावशीच ओढत होती. गोळा तिच्या पदरात पडला, तेव्हा ती रडली, आणि मीही.

पुढे माझी बदली झाली. निघताना पाया पडलो, तर डोक्यावर हात ठेवायचं सोडून तिनं दोन्ही तळव्यांत माझे गाल घट्ट धरले.

"वरून लय दाबतेल तुला," ती म्हणाली. "आमी हाव बाजूला."