कोणी सांगितलं तुला लिहायला?

आमच्या शिवणकामाच्या दुकानात तिला सगळे शंकेश्वरी म्हणतात. गिऱ्हाइकाने बारा बटणं दिली तरी ती दोनदा मोजून घेणार. मी तिथेच कटिंग करते, आणि तिची मैत्रीण म्हणवून घ्यायचं धाडसही करते.

तिच्या बाबांना अर्धांगवायू झाला, त्याला आता दीड वर्ष झालं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाणी चमच्याने, तेही बसवून. दिवसा शेजारच्या काकू बघतात, बाकी सगळं हिच्यावर. तोंडातून मात्र चकार शब्द नाही.

तिच्या वाढदिवसाला मी आधी लिहिलं, ‘तुझी कमाल आहे गं!’ आणि लगेच पुसलं. कमाल म्हटलं की बाईला आणखी ताठ उभं राहावं लागतं. मग लिहिलं, ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा. तू दमली आहेस, मला दिसतंय. रविवारी दहा ते एक मी बाबांजवळ बसते. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.’

उत्तर दोन मिनिटांत हजर. ‘कोणी सांगितलं तुला लिहायला?’

दुसऱ्या दिवशी तिने मला दुकानातल्या कपाटाआड गाठलं. “दादाचा फोन आला होता ना तुला? ‘तू दमली आहेस’ हे त्याचंच वाक्य. पुढचं वाक्य असतं, बाबांना आश्रमात ठेवू.”

मला संताप आला. मी तिच्या दादाला ओळखतसुद्धा नाही! तिच्या मशीनवरचा ब्लाउज उचलून मी तिच्यासमोर धरला. उजवी बाही डाव्या मुंढ्याला. “हा या महिन्यातला चौथा. आधीच्या तिघांच्या बाह्या मी गुपचूप उसवून पुन्हा लावल्या. मला या ब्लाउजांनी सांगितलं, तुझ्या दादाने नाही.”

तिने बाही उलटसुलट करून पाहिली. “मालकांना बोललीस?”

“नाही.”

“रविवारी ये. पण मी घरातच थांबणार.”

रविवारी माझी परीक्षाच झाली. “तो हात ओढायचा नाही, खांदा निखळेल. गुडघा वाकव. आता एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि सावकाश तुझ्याकडे वळव. गुडघ्यांमध्ये उशी.” मी केलं. तिने उशी पुन्हा नीट केली, चादरीची सुरकुती काढली, आणि माझ्यावर नजर ठेवायला दाराशी खुर्ची टाकून बसली.

दहा मिनिटांत तिची मान कलली.

बाबा डोळे मिटून होते. मी चादर सारखी करायला वाकले, तर त्यांनी डोळे उघडले. शब्द अडखळत बाहेर आले. “झोपली?”

“हो.”

“मी रोज... झोपेचं सोंग घेतो. तिने झोपावं म्हणून.” त्यांनी श्वास घेतला. “तिला संशय येतो. उठून... नाकाशी बोट धरते.”