इतर आजार: नाही

अल्का गजभियेच्या तोंडाला लागायचं नाही, हे फुलचूरपासून मुर्रीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. बावीस वर्षं नर्स. जिल्हा रुग्णालयात केमोच्या डे-केअरमध्ये आल्यापासून तर तिचा पारा कधी खाली आलाच नाही. आणि येणार तरी कसा? रोज कोणाचा ना कोणाचा जबडा तंबाखू-सुपारीच्या खर्‍याने खाल्लेला, आणि रोज कोणी ना कोणी उशिरा आलेला.

पण त्या मंगळवारी ती पेटली होती ती कलाबाईसाठी. कलाबाई मेश्राम, मुर्रीची, सेहेचाळीस वर्षांची, घरी बिड्या वळणारी. डाव्या गालातला कॅन्सर जबड्याच्या हाडात शिरलेला, मानेत गाठी, तोंड जेमतेम एक बोट उघडायचं. तिला तीनदा नागपूरला नेऊन झालं होतं. सर्जन म्हणाले, आधी केमोवाल्यांना विचारा. केमोवाले म्हणाले, किडनी बरोबर नाही, रेडिएशनवाल्यांना दाखवा. रेडिएशनवाले म्हणाले, आधी ऑपरेशन करून या. यात दोन महिने गेले. अजून महिना गेला की ऑपरेशनची वेळ टळणार, हे अल्काला दिसत होतं.

"सर, माणूस आहे का फुटबॉल?" ती डॉक्टर बिसेनांवर खेकसली. "बोर्डाला मेल टाका. सगळ्यांना एका टेबलावर बसू द्या."

डॉ. हेमेंद्र बिसेन भला माणूस, म्हणून ऐकून घ्यायचा. नागपूरच्या दवाखान्यात दर बुधवारी ट्यूमर बोर्ड बसतं. सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले मिळून अवघड पेशंटचा एकच निर्णय करतात. केसचा मेल मंगळवारी दुपारी बाराच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर पुढचा बुधवार. साहेबांनी मेल लिहून अल्काला वाचायला दिला. बायोप्सी, सीटी, स्टेज, हिमोग्लोबिन सात, किडनीचं क्रिएटिनिन एक पॉइंट नऊ, आधीची तिन्ही मतं. आणि मध्ये एक ओळ, इतर आजार: नाही.

अल्का त्या ओळीपाशी थांबली. बाहेर बाकड्यावर बसलेल्या कलाबाईचे डोळे पिवळसर होते, आणि सकाळी आली तेव्हा ती कंबरेतून लंगडत होती. हिमोग्लोबिन सात म्हणजे खाणं जात नाही म्हणून, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पण अल्काचा धाकटा भाऊ प्रफुल्ल असाच लंगडायचा. सिकलसेलने, आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराने गेला तो, सव्विसाव्या वर्षी.

"यादोराव," तिने कलाबाईच्या नवर्‍याला आत बोलावलं, "बाईले सिकलसेल आहे का जी?"

"नाही जी. काही नाही तिले."

"सांधे दुखतात का?"

"कामानं दुखते थोडं." त्याने नजर खाली घातली. मग हळूच म्हणाला, "पोराचं, विक्कीचं लगन जुळून राहिलं, सिस्टर. कायले लिहिता असलं काही?"

अल्काच्या मस्तकात तिडीक गेली. "आठ-दहा तास भूल देतील तिले. रक्त आधी तयार नाही केलं, तं बाई टेबलावरच जाईल. लगनात मंग माय कुठून आणसान?" तिचा आवाज चढला. "आणि पोरीवाल्याईले सांगाच. पोरीचीबी तपासणी होऊ द्या. मी भावाचं सांगतलं होतं माझ्या वेळी, मोडलं माझं लगन. मेली नाही मी."

घड्याळात अकरा वीस.

ती तणतणत बाहेर गेली आणि कलाबाईसमोर उकिडवी बसली. "बाई, तुमाले सिकलसेल आहे का?"

कलाबाईने पिशवीत हात घातला. बिड्यांच्या हिशेबाच्या कार्डाखालून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं लाल कार्ड काढलं. सिकलसेलचं, एसएस म्हणजे पूर्ण आजाराचं, आठ वर्षांपूर्वीचं, तपासणीच्या रिपोर्टासकट. बंद दातांतून ती बोलली, एकेक शब्द ओढत.

"तीन डाव नेलं नागपूरले. मले कोणी पुसलंच नाही. सारे याहीलेच पुसत."

आता राग कोणावर काढायचा? अल्कानेही आधी नवर्‍यालाच विचारलं होतं. कान तापले तिचे. ती कार्ड घेऊन आत गेली.

ओळ खोडली गेली. कार्ड आणि रिपोर्ट जोडले. शेवटी साहेबांनी नेहमीचं 'कृपया मार्गदर्शन करावे' काढून नेमके प्रश्न घातले. ऑपरेशनआधी रक्त बदलावं लागेल का? या किडनीवर नेहमीचं केमो देता येईल का, नाहीतर नुसतं रेडिएशन? रक्ततज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ बैठकीला येतील का? अकरा अठ्ठावन्नला मेल गेला.

गुरुवारी उत्तर आलं. आधी रक्त बदलायचं, मग ऑपरेशन, नंतर नुसतं रेडिएशन. सोमवारी भरती, एकच तारीख, एकच फोन नंबर. खाली सर्जनची एक ओळ होती, सिकलसेल कळलं नसतं तर तशीच टेबलावर घेतली असती.

साहेबांनी नवरा-बायको दोघांना आत बोलावलं, खुर्ची सरकवली आणि सुरुवात केली, "तर यादोराव, असं आहे."

"सर," अल्का म्हणाली, "तिकडे नाही. पेशंट इकडे बसली आहे."