गिळलेलं अक्षर

आमच्या हिला सगळे स्पेलिंगबाई म्हणतात. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की स्पेलिंगबाई. तिला ठाऊक आहे आणि मनातून ते आवडतंही, वरून मात्र तोंड वाकडं करते. पुढच्या खोलीत तिचा टायपिंगचा क्लास चालतो. कीबोर्ड मी दुरुस्त करतो, पंखा मी पुसतो आणि मुलींच्या चपला दारातून बाजूला मीच सरकवतो. कौतुक मात्र सगळं तिचं. असू दे बापडं.

सरकारी ऑफिसातल्या टायपिस्टच्या परीक्षेत एकजण इंग्रजी मजकूर वाचतो आणि मुलांनी तो ऐकत ऐकत टाइप करायचा असतो. चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ दाखवायची सोय तिथे बंद ठेवतात. ऐकलं तसं टाइप केलं की खड्ड्यात गेलात म्हणून समजा. सगळी दुनिया ‘गव्हर्मेंट’ म्हणते, मधला न कुणी म्हणजे कुणी उच्चारत नाही, पण स्पेलिंगमध्ये एम च्या आधी एन हवाच. ‘लायब्री’ म्हणताना तोंडात एकच र येतो, लिहिताना आर दोनदा. ‘वेन्सडे’त डी कुठे ऐकू येतो? फेब्रुवारीतला र मात्र आपण मराठी माणसं इमानेइतबारे उच्चारतो, म्हणून तो आपल्याला सहसा चुकत नाही. हे सगळं तिचंच ज्ञान हो. मला एरवी स्क्रू आणि स्प्रिंगच्या पलीकडे काही कळत नाही.

तिची शिकवायची पद्धत अशी. आधी शब्द मुद्दाम चुकीचा उच्चारायचा. ‘गव्हर्-न-मेंट’, आणि त्या ‘न’वर टेबलावर थाप. ‘लाय-ब्रा-री’. ‘वेड-नेस-डे’. मुली खिदळायच्या, पण शब्द डोक्यात पक्का बसायचा. ती म्हणायची, “ही कुबडी आहे गं, पाय नाही.” दुसऱ्या महिन्यात कुबडी काढून घ्यायची. “आता मी जग बोलतं तसं बोलणार. ‘न’ मी गिळणार, तुमच्या मनात तो वाजला पाहिजे.” मग पंधरा दिवस वर्गात नुसता हाहाकार. कागद लालभडक, मुली रडवेल्या, एखादीची आई भांडायला दारात. ही ढिम्म. पण त्यानंतर ज्या सावरायच्या त्या कायमच्या सावरायच्या.

आता आमच्या ठकीचं सांगतो. ठकी म्हणजे आमची एकुलती एक लेक. शाळेत कुणीतरी तिला मठ्ठ म्हटलं आणि पोरीनं ते मनाला लावून घेतलं ते घेतलंच. दिवसभर कापडाच्या दुकानात उभी असायची, म्हणून वर्गात कधी बसली नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात आई तिला वेगळं शिकवायची. एकीकडे कुकर, एकीकडे लॅपटॉप. सरकारी ऑफिसातल्या जागेसाठी वयाची अट असते, आणि ठकीला ही शेवटचीच संधी होती. ती नोकरी मिळाली असती तर दुकानातलं ते दिवसभराचं उभं राहणं सुटलं असतं. बसायला खुर्ची हवी, एवढंच तिचं मागणं होतं.

हिनं एकदा तिचीही कुबडी काढून पाहिली. साध्या बोलण्यातला उतारा वाचला. ठकीनं गव्हर्मेंट जसं ऐकलं तसं टाइप केलं, एनव्हायर्मेंटचंही तेच, आणि लायब्रीत आर एकच. लाल गोल दिसले तशी पोर उठली, खोलीत गेली, जेवली नाही. आतून म्हणाली, “म्हटलं होतं ना, माझ्या डोक्यात काही शिरत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून हिनं परत ‘गव्हर्-न-मेंट’ सुरू केलं. ठकीचा एकेक कागद चकाचक. मी म्हटलं, “अगं, तिची कुबडी कधी काढणार?”

“तुम्ही तुमचे स्क्रू आवळा,” ही खेकसली. “लेकराचा चेहरा जरा कुठं उजळलाय. काढीन की, घाई काय आहे!”

नाही काढली. ठकी प्रत्येक कागद बिनचूक देत गेली, आणि आईलाच त्या बिनचूक कागदांची चटक लागली. शेजारीपाजारी सांगत सुटली, “आमची ठकी आता एक शब्द चुकत नाही!” मला परीक्षेत वाचणारा माणूस आठवायचा. पण मी पुन्हा तोंड उघडलं की घरात रामायण, म्हणून विषय तिथेच राहायचा.

परीक्षेत वाचणारा माणूस जगासारखाच बोलला. त्यानं ‘न’ गिळला, ‘र’ गिळला, वेन्सडेतला डी तर दिलाच नाही. ठकी घरी आली ती चप्पल न काढताच बसली. म्हणाली, “बाबा, त्याचे शब्द वेगळेच वाटत होते हो. आईचे नव्हते ते.” निकालात तिचं नाव नव्हतं. खाली वर, दोनदोनदा पाहिलं मी. कुठे असणार?

त्याच आठवड्यात एक पाहुणी आली. शिंप्याची मुलगी, हिच्याच क्लासातली, तिची निवड झाली होती. मिठाईचा डबा घेऊन थेट आत आली आणि हिच्या पाया पडली. ठकी ओट्यापाशी भांडी पुसत होती.

“मॅडम, तेव्हा किती राग यायचा तुमचा!” मुलगी हसत सांगू लागली. “दुसऱ्या महिन्यात तुम्ही एकदम साधं बोलायला लागलात. ‘न’ म्हणून ऐकूच यायचा नाही! मी रोज घरी जाऊन रडायचे. पण परीक्षेत तो माणूस अगदी तुमच्यासारखाच बोलत होता. बरं झालं तुम्ही आमची कुबडी काढलीत.”

ठकीच्या हातातलं ताट पुसून झालं होतं, तरी ती पुसतच राहिली. मुलगी गेली. दार लागलं.

“सगळ्यांची काढायचीस?” ठकीनं विचारलं.

ही मिठाईचा डबा उगाच इकडून तिकडे सरकवू लागली.

“आई, मी विचारतेय. सगळ्यांची?”

“तू रडली होतीस गं,” ही म्हणाली. “मला बघवलं नाही.”

“ती पण रडायची की.”

ठकीनं ताट जागेवर ठेवलं. ओरडली असती, आदळआपट केली असती, तर मला सोसलं असतं. ती शांतपणे म्हणाली, “म्हणजे मी मठ्ठ नव्हते. मला शिकवलंच नव्हतं.”

लोक दिव्याखाली अंधार म्हणतात. म्हणू देत. मला तो अंधार घरात रोज दिसतो. ठकी सकाळी दुकानात जाते, संध्याकाळी पाय सुजवून येते. मी गरम पाण्याची बादली देतो, ती ‘हं’ म्हणते. आईशी कामापुरतं बोलते. वयाची मर्यादा उलटून गेली, आता कुठल्या परीक्षेला बसणार?

क्लास चालूच आहे. परवा नव्या मुलींचा दुसरा महिना लागला. ही पुढच्या खोलीत नेहमीसारखं साधं वाचायला लागली, आणि ‘गव्हर्मेंट’पाशी थांबली. मी आतून डोकावलो. मुली कीबोर्डवर बोटं ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होत्या आणि ही दाराकडे बघत होती. ठकीची सुट्टी होती, ती दारात उभी होती.

“थांबू नकोस,” ठकी म्हणाली. “गीळ तो ‘न’. त्यांना तरी येऊ दे.”

आणि तिनं बाहेरून दार ओढून घेतलं.