वाररेषेची जकात

माझ्या नातीच्या फोनवर दोन घड्याळं दिसतात, एक इथलं आणि एक तिच्या मावशीच्या गावचं. ती नुसतं बोट लावते आणि सांगते, "आजी, मावशी झोपलीय, आता नको." तिला ना अंश ठाऊक ना रेखावृत्त. तरी ती कधी चुकत नाही. मला ते सगळं ठाऊक होतं, आणि चुकले ती मीच.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत नववीला भूगोल शिकवत असे. वय बत्तीस, इस्त्रीची साडी, हातात गुंडाळलेला जगाचा नकाशा. चालण्यात असा रुबाब, की नकाशा नाही, पृथ्वीच काखोटीला मारून चालले आहे. बाजारात मासे घेतानासुद्धा मी कोळणीला पापलेट कुठल्या समुद्रातलं ते विचारायची. ती म्हणायची, "टोपलीतला हाय बाय, घेतेस तर घे."

आमचे हे मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत होते. वर्षातले दहा महिने पाण्यावर. घरी मी आणि सासूबाई. सासूबाई मला सूनबाई कधी म्हणाल्याच नाहीत, म्हणायच्या मास्तरीण. त्या वर्षी पावसाळ्यानंतर त्यांच्या छातीत पाणी झालं. चार पावलं चालल्या की धाप लागायची. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की फार दिवस धरू नका. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. एकदा पेज भरवताना म्हणाल्या, "मास्तरणी, तो यायचा चैतात. मी काय चैतापर्यंत पुरत नाय. त्याचा आवाज तेवढा एकदा कानावर पडू दे."

मी तसं ह्यांना कळवलं. जानेवारीत जपानहून पत्र आलं. बोट तिथून कॅनडाला, व्हँकूव्हरला चालली होती. "फेब्रुवारीतल्या तिसऱ्या रविवारी, तिथल्या संध्याकाळी बरोबर सात वाजता खलाशांच्या क्लबातून फोन लावीन. वखारीचा नंबर देतो. ती माझी पाळीची वेळ आहे, पण एकाने त्या दिवसापुरती बदलून घेतली आहे. आईला घेऊन बस. आपल्याकडे तेव्हा किती वाजतील ते तू काढ, तूच मास्तरीण."

तूच मास्तरीण! ते वाक्य मी तीनदा वाचलं.

वखार म्हणजे खाली बंदररस्त्यावरची लाकडाची वखार. आमच्या आळीला जवळचा फोन तोच. वखारवाले काका भला माणूस, कुणाचाही फोन आला तरी चहा पाजून बोलू द्यायचे. पण आमचं घर वर चढावर. सासूबाईंना खाली न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं, मग रिक्षा. डॉक्टर म्हणाले, एकदाच न्या, पुन्हापुन्हा ही दगदग नको. म्हणजे वार आणि वेळ अचूक हवी.

मी हिशेब मांडला. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्वेवरची. व्हँकूव्हरची एकशेवीस अंश पश्चिमेवरची. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून बेरीज, दोनशे अडीच अंश. अंशाला चार मिनिटं, आठशे दहा मिनिटं, म्हणजे साडेतेरा तास. थंडीचे दिवस असल्यामुळे तिकडचं घड्याळ तासाने पुढे केलेलं नव्हतं, तेही मी विसरले नाही. पूर्वेकडचा पुढे. रविवार संध्याकाळ सातमध्ये साडेतेरा तास मिळवले, तर सोमवार सकाळ साडेआठ.

इथे पेन खाली ठेवलं असतं तर!

पण माझ्यातली विदुषी जागी झाली. बोट जपानहून प्रशांत महासागर ओलांडून गेली, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून गेली. ते रेषेच्या पलीकडे, आपण अलीकडे. अलीकडच्यांचा वार एकाने पुढे. तेव्हा सोमवारात एक मिळवा. मंगळवार सकाळ साडेआठ. मंगळवारखाली मी दोन रेघा मारल्या.

शनिवारच्या सकाळच्या शाळेत हेच गणित वर्गाला घातलं. खोटं कशाला बोलू, नवरा कॅनडात आहे हे नववीच्या पोरींना कळावं हाही त्यात भाग होता. तिसऱ्या बाकावरच्या एका बारीक मुलीने वही आणली. उत्तर होतं सोमवार, सकाळी साडेआठ.

"वाररेषा कुठे गेली?" मी विचारलं.

"बाई, मी ग्रिनिचवरून आले. ती रेषा वाटेत लागलीच नाही."

"वाटेत लागली नाही म्हणे! वाररेषा म्हणजे काय पानवाल्याची टपरी आहे, दुसऱ्या रस्त्याने गेलं की चुकवता येते?" वर्ग हसला. मी वहीत तांबडी फुली मारली.

ती बरोबर होती. ग्रिनिचवरून मोजलं, तर साडेतेरा तासांतच वार बदललेला असतो, रेषेला हात लावायचा नाही. रेषेवरून यायचं, तर व्हँकूव्हरहून पश्चिमेला साडेदहा तास मागे यायचं, रविवार सकाळ साडेआठ होतात, आणि रेषा ओलांडल्याबद्दल एक वार पुढे. पुन्हा सोमवारच. दोन्ही वाटा एकाच दारात येतात. मी एका वाटेने चालले आणि जकात दुसऱ्या वाटेची भरली.

सासूबाईंना मंगळवार सांगितला. त्यांनी विचारलं, "तो रविवारी बोलणार, आणि आपण मंगळवारी ऐकायचं? मधला सोमवार काय त्याच्या तोंडात राहणार गो?"

"आई, पृथ्वी गोल आहे."

"असू दे गोल. मला रविवारपासनं नेऊन बसव वखारीत. लाकडावर बसेन."

मी हसले. वखारीत जाऊन काकांना बजावून आले, "फोन मंगळवारी येईल, सकाळी साडेआठला." ते म्हणाले, "बाई, तुम्ही सांगता म्हणजे झालंच."

मंगळवारी सासूबाई पहाटेच उठल्या. पेटीतलं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढायला लावलं. "फोनात दिसत नाही हो आई," मी म्हटलं. "ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा केला. शेजारच्या दोघांनी त्यांना खुर्चीतून खाली आणलं. आठाला वखारीत पोचलो, तर काका हसत पुढे आले.

"अहो, काल आला होता की फोन! याच वेळेला. ऑपरेटर बाई म्हणाली, कॅनडाचा कॉल आहे, आजीबाईंना बोलवा. मी म्हटलं, आज नाही, त्या उद्या यायच्या आहेत, उद्या लावा. येईल आत्ता."

उभ्या उभ्या मी पुन्हा मोजलं. तिसऱ्या बाकावरची वही डोळ्यांसमोर आली.

काकांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, एवढंच.

सासूबाई फोनजवळच्या खुर्चीत बसल्या. काळा फोन समोर, हात मांडीवर. कापायच्या करवतीला काकांनी सुट्टी दिली, आवाज नको म्हणून. साडेआठ झाले. नऊ झाले. मी शाळेत निरोप धाडला. दहाला फोन वाजला, तर कुणी सागाच्या फळ्या विचारत होतं. अकराला मी म्हटलं, "आई, चला आता."

रिक्षात मीच बोलले. "माझं चुकलं आई. सोमवारच होता."

त्यांनी मला बोल लावला असता, तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तो काय म्हणेल गो? म्हणेल, आई आली नाय."

दुसऱ्या दिवशी शाळेत मी त्या मुलीची वही मागून घेतली आणि फुली खोडली. का, ते सांगितलं नाही. तेवढा रुबाब अजून उरला होता.

बोट व्हँकूव्हरहून निघून जपानला परत चालली. मधे नुसतं पाणी, आता फोन तिकडे पोचल्यावरच. सासूबाई रोज विचारायच्या, बोट कुठवर आली? मी नकाशा पलंगावर पसरून बोट ठेवून दाखवायची. आधी त्या पाहायच्या, नंतर नुसता हात लावायच्या. त्या सोमवारनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी सहाच्या सुमाराला, त्या गेल्या. मी मुंबईच्या कंपनीला तार केली, त्यांनी बोटीवर कळवलं.

जपानहून ह्यांचा फोन वखारीत आला. म्हणाले, "तारेत गुरुवार लिहिलाय. माझ्या डायरीत गुरुवार नाहीच. बुधवारी झोपलो, रात्री वाररेषा ओलांडली, उठलो तो शुक्रवार. ती गेली तेव्हा मी काय करत होतो?"

मी वखारीच्या पावतीच्या पाठीवर मांडलं. गुरुवार सकाळ सहा. साडेपाच तास वजा, ग्रिनिचला बुधवारची मध्यरात्र उलटून साडेबारा.

"बोटीचं घड्याळ तेव्हा ग्रिनिचच्या किती मागे होतं?"

"बारा तास."

"मग तुमचा बुधवार. दुपारचे साडेबारा." ह्या वेळी मी वरून काहीही मिळवलं नाही.

"जेवत होतो. कुणीतरी काहीतरी बोललं, आम्ही सगळे हसत होतो."

मग त्यांनी हळूच विचारलं, "त्या रविवारी आई का आली नाही? ऑपरेटर एवढंच म्हणाली, त्या आल्या नाहीत. रागावली होती का माझ्यावर?"

मी सगळं सांगितलं. मंगळवारखालच्या दोन रेघांसकट. हिरवं लुगडंही सांगितलं.

"किती वेळ बसली होती?"

"अकरापर्यंत."

ते मोजत होते, मला ऐकू येत होतं. त्यांना भूगोल कुणी शिकवला नव्हता, पण हिशेब अचूक आला.

"मंगळवारी अकरा, म्हणजे माझे सोमवार रात्रीचे साडेनऊ," ते म्हणाले. "सात वाजता मी इंजिनवर होतो, पण आठला सुटलो. मग त्याच क्लबात बसलो होतो, साडेनऊपर्यंत. फोन समोरच होता. वाटलं, काल ती आली नाही, आज कशाला येईल."