निम्मा धोका

तंजावूरच्या मेडिकल कॉलेजात मी रक्त पातळ करणाऱ्या एका औषधाच्या चाचणीवर बोलत होते. पडद्यावर लिहिलं होतं, 'हार्ट अटॅकचा धोका निम्मा.'

सरांनी विचारलं, "निम्मा, म्हणजे किती होता?"

तक्ता उघडला. पाच वर्षांत गोळीविना शंभरात दोघांना अटॅक, गोळी घेऊन एकाला. म्हणजे खरी घट शंभरात एक. एकाचा अटॅक टळायला शंभर जणांनी पाच वर्षं गोळी घ्यायची.

स्लाइड मी तिथेच सुधारली. पण आदल्याच आठवड्यात मामांना "धोका निम्मा होतो" एवढंच सांगून तीच गोळी सुरू केली होती. त्यांच्याशी पुन्हा बोलायचं मी टाळलं. लाजेने, दुसरं काही नाही.

वर्षभराने गोळीमुळेच पोटात रक्तस्राव होऊन मामा गेले. त्यांचा औषधांचा डबा मीच उघडला. एकही दिवस चुकवला नव्हता त्यांनी.